एचडीएमआय रेकॉर्डिंगमधली फोकसची चौकट आणि बॅटरीचं चिन्ह कसं काढायचं

प्रश्न: वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात आमच्या कथक क्लासचा कार्यक्रम झाला. जुन्या डीएसएलआरमधून एचडीएमआय केबलने लॅपटॉपवर सव्वा तास सलग रेकॉर्डिंग केलं. कॅमेरा ट्रायपॉडवर एकाच जागी होता. आता बघतो तर मधोमध पांढरी फोकसची चौकट आणि वर उजव्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह, शेवटपर्यंत. चौकट नेमकी मुलींच्या चेहऱ्यांवरून जाते. पालकांना व्हिडिओ द्यायचाय. हे काढता येईल का?

उत्तर:

बॅटरीचं चिन्ह पूर्ण जाईल. चौकटही बहुतेक ठिकाणी दिसेनाशी होईल. मात्र मुली पोझ धरून स्थिर उभ्या राहतात आणि चौकटीची रेघ एखादीच्या डोळ्यावर येते, अशा मोजक्या जागी हाताने काम करावं लागेल.

आधी कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड एकदा खात्रीने तपासा. एचडीएमआय चालू असताना कोणी कॅमेऱ्याचं रेकॉर्डचं बटणही दाबलं असेल, तर कार्डवरच्या फाइलमध्ये यातलं काहीच नसतं. चौकट, बॅटरी, शटरचे आकडे हे सगळं कॅमेरा फक्त स्क्रीनकडे आणि एचडीएमआयकडे जाणाऱ्या चित्रावर काढतो, कार्डवर लिहिल्या जाणाऱ्या चित्रावर नाही. बऱ्याच डीएसएलआरमध्ये एका क्लिपला २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा असते, त्यामुळे सव्वा तास सलग मिळणार नाही. पण पहिला अर्धा तास जरी सापडला तरी तेवढा भाग दुरुस्त करण्याऐवजी थेट बदलता येतो.

कार्ड रिकामं असेल तर एक गोष्ट पक्की धरून चला. चौकटीच्या रेघेखाली जे चित्र होतं ते फाइलमध्ये कुठेच नाही. केबलमधून बाहेर पडतानाच त्या पिक्सेलांच्या जागी पांढरा रंग बसलेला होता. त्यामुळे आपण चौकट 'काढत' नाही, तिच्या जागी पटण्यासारखं काहीतरी भरतो. म्हणून दर वेळी विचारायचं ते हेच: रिकामी जागा किती रुंद आहे, आणि तिच्या आसपास काय आहे? भिंतीतली बारीक चीर पुटीने सहज भरते, भगदाड भरत नाही. चौकटीच्या रेघा म्हणजे तीन-चार पिक्सेलांच्या चिरा आहेत. बॅटरी हे साठेक पिक्सेल रुंदीचं भगदाड आहे. म्हणून दोघांना उपाय वेगळे.

बॅटरीपासून सुरू करू, कारण ते सोपं आहे. ती कोपऱ्यात आहे, तेव्हा कापून टाकायची. रेकॉर्डिंगची एक फ्रेम फोटो म्हणून काढा, कुठल्याही फोटो एडिटरमध्ये उघडा आणि चिन्हावर कर्सर नेऊन आडवा-उभा आकडा वाचा. समजा १९२० बाय १०८० च्या फ्रेममध्ये बॅटरी आडवी १८०६ ते १८६८ आणि उभी ४० ते ७६ या पट्ट्यात आहे. उजवीकडून १२८ पिक्सेल कापले की फ्रेम १७९२ ला संपते आणि बॅटरी १४ पिक्सेल बाहेर राहते. १६:९ चं प्रमाण टिकवायला उंची १००८ करावी लागते, म्हणजे ७२ पिक्सेल उंचीतूनही जातात.

इथे बरेच जण सवयीने हे ७२ पिक्सेल वरूनच कापतात. त्याची गरज नसते. बॅटरी उजव्या कापण्यातच गेली आहे, त्यामुळे उंचीतले ७२ वरून, खालून किंवा दोन्हीकडून थोडे थोडे घेता येतात. मुलींचे हात वर जातात, त्यामुळे मी वरची जागा सांभाळेन. पण कथकमध्ये पावलं आणि घुंगरूही दिसलेच पाहिजेत. खाली रंगमंचाची कड आणि पहिल्या रांगेतली डोकी असतील तर खालून कापा. पावलं फ्रेमच्या अगदी तळाशी असतील तर वरून कापा.

कापून पुन्हा १९२० ला आणलं की चित्र सुमारे ७ टक्के मोठं होतं. टीव्हीवर किंवा मोबाइलवर हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येऊ शकते ती वेगळी गोष्ट: फक्त उजवीकडून कापल्यामुळे रंगमंचाचा मध्य थोडा उजवीकडे सरकतो. दोन्ही बाजूंनी १२८ कापून मध्य जागेवर ठेवता येतो, पण मग चित्र १५ टक्के मोठं करावं लागतं आणि टोकाच्या मुली कापल्या जाण्याचा धोका वाढतो. मला तरी एका बाजूने कापलेलं बरं वाटतं. सगळ्या मुली रांगेत पसरतात ते प्रसंग मात्र आधी नीट बघून घ्या. उजव्या टोकाच्या मुलीचा हात जात असेल, तर तेवढ्या तुकड्यापुरतं कापायचं नाही. बॅटरीच्या शेजारचा विंगेचा काळा पडदा एडिटरमध्ये उचलून, कडा मऊ करून तिच्यावर ठेवायचा. ठिगळ त्याच फ्रेममधलं असलं की दिवे बदलले तरी तेही सोबत बदलतं. दुसऱ्या क्षणाच्या फ्रेममधून आणलेलं ठिगळ प्रकाशयोजना बदलली की लगेच उठून दिसतं.

आता चौकट. तिच्यासाठी नेमका मुखवटा लागतो, म्हणजे जिथे जिथे रेघ आहे तिथे पांढरा आणि बाकी सगळीकडे काळा असा फोटो. हा हाताने रंगवायला बसू नका, तो तुमच्या रेकॉर्डिंगमध्येच आहे. दोन नृत्यांच्या मधे रंगमंचावर पूर्ण अंधार होतो. त्या क्षणाच्या फ्रेममध्ये काळ्या पार्श्वभूमीवर फक्त कॅमेऱ्याची चिन्हं उरतात आणि ती कार्यक्रमाच्या वेळच्या अगदी त्याच जागी असतात. असा क्षण शोधा, समजा १४ मिनिटं ३२ सेकंदांना, आणि एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅमने फ्रेम काढा:

```
ffmpeg -ss 00:14:32 -i rec.mkv -frames:v 1 black.png
```

अंधार पुरता झालाच नसेल तर दुसरा मार्ग आहे. तोच कॅमेरा त्याच सेटिंगवर त्याच लॅपटॉपला जोडा, लेन्सला टोपी लावा आणि थोडं रेकॉर्ड करा. आयएसओ ऑटोवर ठेवू नका. अंधारात कॅमेरा तो वर नेतो आणि सगळीकडे दाणे येतात, मग ते दाणेही मुखवट्यात शिरतात. चौकट कार्यक्रमाच्या वेळी होती तिथेच आहे ना, हे मूळ फ्रेमशी ताडून बघा. बाणांच्या बटणाने ती सहज सरकलेली असते. म्हणूनच मी आधी अंधाराची फ्रेम शोधतो. तिथे हा प्रश्नच येत नाही.

आता त्या फ्रेमचा मुखवटा करू:

```
ffmpeg -i black.png -vf "format=gray,lut=c0='if(gt(val,40),255,0)',dilation,dilation" mask.png
```

४० पेक्षा उजळ ते सगळं पांढरं होतं, बाकीचं काळं. शेवटी दोनदा आलेलं `dilation` पांढरा भाग प्रत्येक बाजूने दोन पिक्सेलांनी फुगवतं. हे फुगवणं टाळू नका. व्हिडिओत रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे पांढऱ्या रेघेचा फिका डाग तिच्या कडेबाहेर एक-दोन पिक्सेल पसरलेला असतो. शिवाय केबल आणि लॅपटॉप यांच्यामध्ये लागणारी स्वस्त कॅप्चर कार्डं बहुधा प्रत्येक फ्रेम जेपेगसारखी दाबून पाठवतात. जेपेग ८ बाय ८ पिक्सेलांच्या चौकोनात काम करतं, म्हणून रेघेजवळ हलके तरंग उमटतात. फुगवलं नाही तर रेघ जाते, पण तिची सावली राहते.

`mask.png` उघडून बघा. बाहेर जाण्याच्या दाराचा दिवा, ध्वनियंत्रणेवरचा एखादा एलईडी असे ठिपके पांढरे झाले असतील तर काळ्या ब्रशने पुसून टाका, नाहीतर तिथलं चांगलं चित्र विनाकारण धूसर होईल. बॅटरी मुखवट्यात राहिली तरी चालेल, तो भाग पुढे कापलाच जाणार आहे.

अजून एक तपासणी, आणि ती फार वेळा राहून जाते. मूळ रेकॉर्डिंगमध्ये जोरात फिरणाऱ्या हातावर थांबा. हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर तुमच्या कॅमेऱ्याने इंटरलेस्ड चित्र पाठवलं आहे, म्हणजे एकाआड एक ओळी वेगळ्या क्षणांच्या आहेत. अशा चित्रात भरण केलं तर दोन क्षणांचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि चकरांच्या वेळी चौकटीच्या जागी तुटक ठिपके येतात. म्हणून पुढच्या आज्ञेत `-vf` नंतरच्या अवतरणात सगळ्यात आधी `bwdif,` जोडा. कंगवा दिसत नसेल तर त्याची गरज नाही.

सव्वा तासावर थेट चालवू नका. चौकटीत चेहरे येतात असा अर्ध्या मिनिटाचा तुकडा निवडा:

```
ffmpeg -ss 00:20:00 -t 30 -i rec.mkv -vf "removelogo=mask.png,crop=1792:1008:0:0,scale=1920:1080:flags=lanczos" -c:v libx264 -crf 16 -preset slow -c:a copy test.mkv
```

`removelogo` मुखवट्यातल्या प्रत्येक पिक्सेलसाठी मुखवट्याबाहेरचे सर्वांत जवळचे पिक्सेल घेऊन त्यांची सरासरी भरतं. रेघ अरुंद असल्यामुळे ही सरासरी खऱ्या चित्राच्या फार जवळ जाते. मुखवट्याचा फोटो आणि व्हिडिओ यांचा आकार तंतोतंत एकच हवा, म्हणून कापणं भरणानंतर येतं. `crop` मधला शेवटचा शून्य म्हणजे वरचं काही कापायचं नाही, ७२ खालून जातील. वरून कापायचे असतील तर तिथे 72 लिहा.

हा तुकडा आधी चालता बघा, नंतर थांबवून बघा. चालताना काही दिसत नाही आणि थांबवल्यावर हलकी धूसर रेघ दिसते, इतपत झालं तर काम झालं असं समजा. पालक व्हिडिओ थांबवून पिक्सेल बघत नाहीत. रेघेच्या एकाच बाजूला पांढरा धागा उरला असेल तर मुखवटा एक-दोन पिक्सेल सरकलेला आहे. बहुतेक वेळा लेन्सच्या टोपीवाल्या मुखवट्याचं असं होतं. दोन्ही बाजूंना धागा उरला असेल तर `dilation` आणखी एकदा जोडा. त्याहून फार फुगवू नका. रेघ सात पिक्सेलांची होती ती अकराची झाली की भरण डोळ्यांना जाणवायला लागतं.

फोकस लागल्यावर चौकट हिरवी होत असेल तर घाबरू नका. जागा तीच राहते, त्यामुळे मुखवटाही तोच चालतो. चेहऱ्यामागे फिरणारी चौकट असती तर मात्र ही पद्धत निरुपयोगी ठरली असती. तिचा प्रत्येक फ्रेमला माग काढावा लागतो.

आता ही पद्धत कुठे तोकडी पडते ते सांगतो. संपूर्ण रंगमंच दिसेल अशा फ्रेममध्ये एका मुलीचा चेहरा ६० पिक्सेल उंच असेल, तर तिचा डोळा जेमतेम आठ-दहा पिक्सेलांचा असतो. सात पिक्सेलांची भरलेली रेघ त्यावर आली की डोळाच पुसला जातो. ती फिरत असताना हे कळतही नाही, कारण पुढच्याच फ्रेमला डोळा रेघेबाहेर येतो. पण समेवर येऊन ती थांबते, टाळ्या पडतात, आणि नेमकी हीच जागा आईवडील पुन्हा पुन्हा बघतात. दुसरी अडचण जरीच्या काठाची. बारीक नक्षी भरणात सपाट होते आणि अंग हललं की तिथे थरथर दिसते. तिसरी अडचण समांतर कडांची. चौकटीची खालची आडवी रेघ मागच्या पडद्याच्या आडव्या कडेलाच चिकटून जात असेल तर ती कड वितळल्यासारखी दिसते.

असे प्रसंग यादी करून ठेवा. सव्वा तासात ते मोजकेच निघतील आणि प्रत्येक काही सेकंदांचा असेल. स्थिर पोझसाठी उपाय असा की ती मुलगी थांबण्याच्या आधी किंवा हलल्यानंतर तिचा तोच डोळा रेघेबाहेर असलेली एक फ्रेम शोधायची. तिथून फक्त डोळ्याचा तुकडा उचलायचा आणि डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग प्रोग्रॅमच्या फ्यूजन पानावर पोझच्या काळापुरता जागेवर ठेवायचा. पोझमध्येही अंग थोडं डोलतं, त्यामुळे तुकड्याला सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा जागा हाताने द्याव्या लागतात. फ्यूजन रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत मिळतं, पण त्यातलं आपोआप वस्तू पुसणारं ऑब्जेक्ट रिमूव्हल फक्त पैसे देऊन घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. आफ्टर इफेक्ट्समध्ये २०१९ पासून कंटेंट-अवेअर फिल आहे आणि काही सेकंदांच्या तुकड्यावर ते छान चालतं. पूर्ण कार्यक्रम त्यात टाकू नका, मशीन बसेल. चेहऱ्यावर आपोआप भरलेला निकाल डोळ्यांनी तपासल्याशिवाय देऊ नका. चुकीच्या जागी बसलेली बुबुळं पांढऱ्या रेघेपेक्षा वाईट दिसतात.

चौकटीची रेघ थोडी पारदर्शक वाटत असेल तर तिच्याखालचं चित्र परत मिळवता येईल का, असा विचार येतो. ते तपासणं सोपं आहे. अंधाराच्या फ्रेममध्ये रेघेचा उजेड मोजा, मग पांढऱ्या पोशाखावरून जाते तिथे मोजा. समजा अंधारात १५० आला, आणि २३० उजेडाच्या पोशाखावर २४०. म्हणजे पोशाखामुळे फक्त ९० ची भर पडली. ९० भागिले २३० म्हणजे ०.३९, तेव्हा खालचं चित्र ३९ टक्के शिल्लक आहे. ते मिळवायला रेघेच्या उजेडातून १५० वजा करून ०.३९ ने भागायचं. गणित बरोबर आहे, पण भागताना दाणे आणि दाबल्याचे डागही अडीच पट होतात. दाबून आलेल्या रेकॉर्डिंगवर याचा निकाल साध्या भरणापेक्षा खराबच येतो. निम्म्याहून जास्त चित्र शिल्लक असेल तरच याच्या मागे लागा.

तुकडा मनासारखा झाला की त्याच आज्ञेतून `-ss 00:20:00 -t 30` काढा, शेवटी नवं नाव द्या आणि रात्रभर पूर्ण फाइल चालू द्या. मूळ `rec.mkv` जपून ठेवा. हाताने करायच्या दुरुस्त्या या नव्या फाइलवर करा, पण डोळ्यांचे तुकडे शोधताना मूळ फाइल लागेलच. ठाण्यात किंवा वाशीत एखाद्या एडिटरला हे काम द्यायचं ठरवलंत, तर हाच चेहऱ्यांचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा आधी करून मागा आणि तो बघूनच पूर्ण काम द्या.

पुढच्या कार्यक्रमासाठी कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीएमआयचा भाग बघा. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत `HDMI Info. Display` असतं, ते `Off` करायचं. पॅनासॉनिकच्या कॅमेऱ्यांतही एचडीएमआय आउटपुटच्या मेनूत `Info Display` असतं. निकॉनच्या डी७५० सारख्या कॅमेऱ्यांत एचडीएमआयच्या `Advanced` मध्ये `Live view on-screen display` बंद करता येतं. काही जुन्या बॉडींत असा पर्यायच नसतो. तिथे `INFO` बटण दाबत गेलं की आकडे जातात, पण चौकट राहते. अशा वेळी तुमच्या मॉडेलला नवं फर्मवेअर आलं आहे का ते बघा. कॅननने ५डी मार्क ३ ला स्वच्छ एचडीएमआय २०१३ मध्ये फर्मवेअर १.२.१ मधूनच दिलं होतं.

सेटिंग केल्यावर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विसंबू नका. काही कॅमेऱ्यांत एचडीएमआय स्वच्छ झाल्यावरही मागच्या स्क्रीनवर चिन्हं दिसत राहतात. लॅपटॉपवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा, त्यादरम्यान शटर अर्धवट दाबून फोकस लावा, आणि ती फाइल उघडून बघा. अर्धवट दाबल्यावरच उगवणारी चौकट याच चाचणीत सापडते. आणि कार्डवरचं रेकॉर्डिंगही चालू ठेवा, प्रत्येक नृत्य संपलं की बंद करून पुन्हा सुरू करायचं, म्हणजे क्लिपच्या मर्यादेत बसतं. ते सुरू किंवा बंद करताना एचडीएमआयचं चित्र क्षणभर तुटतं का हेही त्याच चाचणीत बघून घ्या, काही कॅमेऱ्यांत ते तुटतं.